इंटर्नशिपमधला मोल्ड चेंजचा प्रोजेक्ट: साहेबांशी नेमकं काय ठरवायचं

प्रश्न: मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, चाकणला प्लास्टिकचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत दहा आठवड्यांची इंटर्नशिप मिळालीय. साहेब म्हणाले, "मोल्ड चेंजला फार वेळ जातो, त्यावर एक प्रोजेक्ट कर." एवढंच. सुरुवात कुठून करू आणि शेवटी नेमकं काय द्यायचं, हे त्यांच्याशी कसं ठरवू?

उत्तर:

सर्वात आधी प्लॅनिंगमध्ये जा आणि गेल्या दोन महिन्यांत कोणत्या मशीनवर कोणता मोल्ड किती वेळा बदलला, ते रजिस्टरमधून उतरवून घे. प्रोजेक्टचा आकार तुझ्या हौसेवर किंवा साहेबांच्या अपेक्षेवर ठरत नाही. तुझ्या दहा आठवड्यांत, तुझ्या शिफ्टमध्ये, तुझ्या डोळ्यांसमोर किती मोल्ड चेंज होणार, यावर तो ठरतो.

समज, एका मशीनवर पहिल्या शिफ्टला आठवड्यातून साधारण दोनदा चेंज होतो. ओळख आणि सेफ्टी ट्रेनिंगचा पहिला आठवडा आणि रिपोर्टचा शेवटचा आठवडा सोडला तर कागदावर १६ चेंज उरतात. त्यातले काही प्लॅन बदलल्यामुळे दुसऱ्या शिफ्टला जातील, काही ब्रेकडाउनमध्ये अडकतील, एखाद्या दिवशी तुझं कॉलेज असेल. हाताशी १० आले तर नशीब समज. म्हणजे सुधारणेआधीचे ४, सुधारणा करून बघण्याचे २ आणि नंतरचे ४. एवढ्यात एकच मशीन आणि त्यावरचे दोन मोल्ड बसतात. सगळ्या लाइनचा सेटअप टाइम कमी करायचा म्हटलं, तर प्रत्येक मशीनची एखाददुसरी नोंद मिळेल आणि त्यातून काहीच सिद्ध होणार नाही.

दुसरी गोष्ट व्याख्येची, आणि इथे बहुतेक इंटर्न घाई करतात. "मोल्ड चेंजचा वेळ" म्हणजे कुठून कुठपर्यंत? सेटरला विचारलंस तर तो जुना मोल्ड सोडवण्यापासून नवा आवळेपर्यंतचा वेळ सांगेल. प्रॉडक्शनला जुन्या पार्टच्या शेवटच्या चांगल्या नगापासून नव्या पार्टचा पहिला नग क्वालिटीने ओके करेपर्यंतचा वेळ हवा असतो. या दोन आकड्यांत अर्ध्या तासाचा फरक सहज पडतो. दुसरी व्याख्या घे आणि ती साहेबांकडून लेखी मान्य करून घे, नाहीतर नवव्या आठवड्यात प्रेझेंटेशनच्या वेळी कोणीतरी तुझा आकडाच चुकीचा ठरवेल.

मोजायला उभं राहण्याआधी सेटरला भेट आणि काय करणार आहेस ते नीट सांग. घड्याळ घेऊन अचानक कोणी मागे उभं राहिलं की माणूस एकतर घाई करतो, नाहीतर हात आखडतो. दोन्ही वेळा तुझी नोंद खोटी निघते. बऱ्याच कंपन्यांत शॉप फ्लोअरवर मोबाइल चालत नाही, त्यामुळे व्हिडिओ घ्यायचा असेल तर परवानगी पहिल्याच आठवड्यात माग. परवानगी नाही मिळाली तर पॅड आणि घड्याळ पुरतं.

आता आकड्यांचं उदाहरण घेऊ. समज, पहिल्या चार चेंजची सरासरी १०६ मिनिटं आली. तिची फोड अशी: स्टोअरमधून मोल्ड आणि होज शोधून आणणं ११, क्रेनची वाट १४, जुना मोल्ड उतरवणं १५, नवा बसवून क्लॅम्प आवळणं १८, पाण्याचे होज जोडणं १०, बॅरल पर्ज करून तापमान स्थिर करणं १६, ट्रायल शॉट आणि पहिल्या नगाची क्वालिटीकडून मंजुरी २२. मशीन थांबवूनच करावी लागणारी कामं आणि मशीन चालू असतानाच उरकता येणारी कामं वेगळी काढायची, ही जपानचे शिगेओ शिंगो यांची पद्धत. या फोडीला ती लावली की मोल्ड आणणं पूर्णच आधी सरकतं: ११ मिनिटं. क्रेन आधी सांगून ठेवली तर तिथे १० वाचतात. होजना रंगाच्या खुणा केल्या तर ४. क्वालिटीच्या माणसाला पंधरा मिनिटं आधी कळवलं तर वाट बघण्यातली १०. एकूण ३५, म्हणजे हिशेबाने ७१ मिनिटं.

पण साहेबांना ७१ कबूल करू नकोस. एखाद्या दिवशी क्रेन दुसरीकडे अडकणारच. "८०च्या आत" असं लिही. "निम्मा करून दाखव" असं ते म्हणाले तर ही फोड समोर ठेव आणि उरलेला वेळ कुठे आहे ते दाखव. तो क्लॅम्पिंगमध्ये आणि तापमानात आहे. तिथे हात घालायचा तर क्विक क्लॅम्प, मोल्ड आधी गरम करायची सोय असा खर्च येतो. खरेदीची मंजुरी, ऑर्डर आणि डिलिव्हरी यातच तुझी इंटर्नशिप संपेल. क्लॅम्पची संख्या किंवा आवळण्याचा टॉर्क कमी करून वेळ वाचवायचा विचारही करू नकोस, तो सुरक्षेचा प्रश्न आहे.

एक खबरदारी. नायलॉनचा पार्ट असेल आणि ट्रायल शॉटवर चंदेरी रेघा येत असतील, तर बहुतेक वेळा दाणा नीट वाळलेला नसतो. नायलॉनला साधारण ८० अंशांवर काही तास ड्रायिंग लागतं, आणि ड्रायर उशिरा लावला की चेंज लांबतो. अशी नोंद टाकून देऊ नकोस, पण कारण लिहून वेगळी ठेव. सरासरीत ती सेटरच्या नावावर पडायला नको.

हे सगळं एका पानावर आण आणि साहेबांना मेल कर. मजकूर साधारण असा:

"मशीन क्रमांक अमुक, मोल्ड अ आणि ब, फक्त पहिली शिफ्ट. वेळ: शेवटच्या चांगल्या नगापासून पहिल्या ओके नगापर्यंत. तिसऱ्या आठवड्याअखेर: चार चेंजच्या नोंदी आणि वेळेची फोड. पाचव्याअखेर: आधी करायच्या कामांची यादी, सेटर आणि शिफ्ट इन्चार्ज यांच्या संमतीसह. सहाव्यात: दोन ट्रायल चेंज. नवव्याअखेर: नंतरच्या चार नोंदी. शेवटी देणार: मशीनवर लावायचं एक पानी चेंजओव्हर शीट, आधीच्या तयारीची चेकलिस्ट, आधी आणि नंतरच्या नोंदी. उद्दिष्ट: ८० मिनिटांच्या आत. यात नाही: खरेदी, मोल्डमधले बदल, इतर मशीन."

यात "देणार" आणि "उद्दिष्ट" मुद्दाम वेगळे ठेवलेत. शीट, चेकलिस्ट आणि नोंदी तुझ्या हातात आहेत. मिनिटं पूर्णपणे तुझ्या हातात नाहीत. आकडा ८८वर थांबला तरी, कारणांसह दिलेलं काम पूर्णच धरलं जाईल, हे आजच बोलून घे.

मेलला उत्तर आलं नाही तर गप्प बसू नकोस. सकाळच्या मीटिंगनंतर प्रिंट घेऊन जा, दहा मिनिटं माग आणि कोपऱ्यात सही घे. त्याच वेळी कॉलेजच्या रिपोर्टमध्ये पार्ट नंबर, ग्राहकाचं नाव आणि फोटो टाकता येतील का तेही विचार.

तिसऱ्या आठवड्याची भेट सगळ्यात महत्त्वाची मान. फोड पाहिल्यावर कदाचित कळेल की मोठा वेळ मोल्ड बदलण्यात नसून पहिल्या नगाच्या मंजुरीत जातोय. तसं असेल तर विषय तिकडे वळवायचा का, हे साहेबांबरोबर त्याच दिवशी ठरव आणि बदललेलं पान पुन्हा पाठव. सहाव्या आठवड्यानंतर विषय बदलू नकोस, तेव्हा "नंतरच्या" नोंदींना चेंजच उरत नाहीत.

नंतरच्या चारपैकी शेवटचा चेंज सेटरला फक्त शीट बघून करू दे. तू बाजूला उभा राहा, काही सांगू नकोस. जिथे तो थांबून विचारेल, तिथे शीटमध्ये काहीतरी राहिलंय. ते दुरुस्त करून मगच लॅमिनेट करायला दे.