टोकन तुमच्या नावावर, दुकान कुणाच्या?

"वडिलांच्या जमिनीतल्या वाट्याचे १२ लाख आलेत. पुण्यातला पुतण्या म्हणतो, बँकेला भाड्याने दिलेल्या एका दुकानाची टोकनं घे, १०,००० ला एक. ब्लॉकचेनवर मालकीची नोंद होते, वर्षाला ९ टक्के सुटतात आणि हवं तेव्हा ॲपवर विकता येतात. ८ लाख घालायचा विचार आहे, २०,००० भरून नाव नोंदवलंय. लेकीच्या इंजिनिअरिंगची फी चार वर्षांनी लागेल. करार आणि माहितीपत्रक सोबत पाठवलंय. काय करू?" (एक शिक्षिका, सांगली)

नमस्कार ताई,

हे ८ लाख तिथे घालू नका. का, ते सविस्तर सांगतो, कारण पुतण्याने तुम्हाला फसवायला हे सुचवलेलं नाही आणि त्यालाही ते नीट समजावून सांगता आलं पाहिजे.

जमिनीचा वाटा विकताना तुम्ही दुय्यम निबंधकासमोर बसलात, फोटो काढला, अंगठा उमटवला. हे सगळं का करावं लागतं? १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५४ प्रमाणे १०० रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची स्थावर मिळकत नोंदणीकृत दस्ताशिवाय विकलीच जात नाही. सरकारी दप्तरात जे नाव चढतं ते या दस्तामुळे. ब्लॉकचेन हीसुद्धा एक वहीच आहे. ती चांगली वही आहे, लिहिलेलं मागे जाऊन खोडता येत नाही, प्रत अनेक संगणकांवर असते. पण दुकानाची मालकी ठरवायला कायदा ती वही उघडून बघत नाही. तो नोंदणी कार्यालयाचंच दप्तर बघतो. त्यामुळे या दोन वह्यांना जोडणारा कागद कोणता, एवढं तपासलं की टोकनाची खरी किंमत कळते.

तुमच्या करारात दस्त क्रमांक दिला होता. तो घेऊन मी नोंदणी विभागाच्या ई-सर्चवरून दुकानाची सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा सारांश, काढली. विकत घेणारा म्हणून नाव आहे एका एलएलपीचं, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या भागीदारी संस्थेचं. मोबदला ६ कोटी. एलएलपीने दुकान घेणं आणि गुंतवणूकदारांना एलएलपीत भागीदार करून घेणं, ही पद्धत ओळखीची आहे. भागीदाराचं नाव एलएलपीच्या करारात येतं, कंपनी निबंधकाकडे कळवलं जातं, कोर्टात उभं राहायला हातात काही असतं.

पण तुमचा करार एलएलपीशी नाहीच. तो ॲप चालवणाऱ्या कंपनीशी आहे. अकराव्या पानावर लिहिलंय की टोकनधारकाला "मिळकतीत किंवा एलएलपीत कोणताही मालकी हक्क, भार किंवा हितसंबंध" राहणार नाही, एलएलपीकडून कंपनीला मिळणाऱ्या रकमेतला प्रमाणशीर वाटा तेवढा मिळेल. म्हणजे दुकान एलएलपीचं, एलएलपीतला हिस्सा कंपनीचा, आणि कंपनीने तुम्हाला दिलेलं एक वचन, त्या वचनाचं नाव टोकन. उद्या कंपनी दिवाळखोरीत गेली तर तुम्ही दुकानाच्या मालकांच्या रांगेत नसाल. तारण न घेतलेल्या धनकोंच्या रांगेत असाल, आणि ती रांग बँकांच्या मागे लागते.

आणखी एक कलम मला जास्त खटकलं. एलएलपीच्या नियुक्त भागीदारांना दुकान गहाण ठेवण्याची मोकळीक आहे, टोकनधारकांची संमती न घेता. मूळ कागद बँकेत जमा केले की गहाण झालं. अशा गहाणाची सूचना नोंदणी कार्यालयात द्यावी लागते आणि सेरसाई या केंद्रीय नोंदवहीतही ते चढतं, म्हणजे शोधलं तर सापडेल. पण ॲपवर मात्र तुमची ८० टोकनं तशीच हिरव्या रंगात दिसत राहतील.

माहितीपत्रकातल्या ९ टक्क्यांचा हिशेबही मांडून बघू. टोकनं ७,२०० आहेत, १०,००० ला एक, म्हणजे गोळा होणार ७ कोटी २० लाख. दुकान ६ कोटींना घेतलं. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, ते झाले ४२ लाख. उरलेले साधारण ७८ लाख कंपनीचा खर्च आणि नफा. म्हणजे पहिल्याच दिवशी तुमच्या १०,००० मागे दुकान आहे साधारण ८,३०० चं. भाडं महिना ३ लाख, वर्षाचं ३६ लाख. मिळकत कर, विमा, देखभाल यांचे ४ लाख त्यांनीच धरलेत. व्यवस्थापन शुल्क जमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे ७ लाख २० हजार. हातात राहतात २४ लाख ८० हजार, ७ कोटी २० लाखांवर साडेतीन टक्केसुद्धा नाहीत. एलएलपीला लागणारा आयकर यात अजून धरलेलाच नाही. तुमच्या ८ लाखांवर वर्षाला सुमारे साडेसत्तावीस हजार येतील. बाकीचे साडेपाच टक्के म्हणजे दुकानाची किंमत दरवर्षी तेवढी वाढेल असं कंपनीने धरलेलं गृहीतक. ते बारीक अक्षरात तळाशी आहे, तुम्हाला दिसलं नसेल तर नवल नाही. आणि बँकेच्या भाडेकरारात सोडून न जाण्याची मुदत तीन वर्षांची आहे. लेकीची फी चौथ्या वर्षी.

असं प्रत्यक्षात कुठे घडलंय का, असं पुतण्या विचारेल. अमेरिकेत डेट्रॉइट शहरात रिअलटी नावाच्या कंपनीने २०१९ पासून जुनी घरं घेऊन प्रत्येक घरासाठी वेगळी कंपनी काढली आणि तिची टोकनं साधारण ५० डॉलरला एक अशी जगभर विकली. भाडं दर आठवड्याला थेट वॉलेटमध्ये यायचं. नोंदवही निर्दोष चालली. घरांची मात्र दुरुस्ती झाली नाही. जुलै २०२५ मध्ये शहराने या कंपनीवर आणि तिच्याशी जोडलेल्या दीडशेहून जास्त कंपन्यांवर ४०० हून अधिक घरांच्या दुरवस्थेबद्दल दावा लावला. काही घरं तर कंपनीच्या नावावर कधी झालीच नव्हती आणि तरी त्यांची टोकनं विकली गेली, असं तिथल्या पत्रकारांनी शोधून काढलं. ब्लॉकचेनला गळकं छप्पर दिसत नाही आणि खरेदीखत झालं की नाही हेही कळत नाही. तिला सांगितलं तेवढंच ती लिहून ठेवते.

तरी ही कल्पनाच खोटी आहे असं मी म्हणणार नाही. जिथे सरकारची वही आणि टोकनाची वही एक झाली, तिथे चित्र वेगळं आहे. दुबईत जमीन नोंदणी खात्यानेच २०२५ मध्ये प्रयोग सुरू केला. घराचं टोकन करायचं ते खात्याच्या मालकीपत्राशी जोडूनच, कमीत कमी २,००० दिरहम. सुरुवातीला तो फक्त तिथलं ओळखपत्र असणाऱ्यांसाठी ठेवला. तुमचा कुणी नातेवाईक तिथे नोकरीला असेल आणि विचारेल, तर त्याला मी वेगळं उत्तर देईन. रोख्यांच्या बाबतीत जर्मनीने २०२१ मध्ये कायदाच केला की कागदी प्रमाणपत्राऐवजी इलेक्ट्रॉनिक नोंदवहीतली नोंद हाच रोखा. त्या आधारावर सीमेन्सने २०२३ मध्ये ६ कोटी युरोचे रोखे ब्लॉकचेनवर काढले. तिथे टोकन हाच हक्क आहे. आपल्याकडे रोख्यांसाठी हे काम डीमॅट खातं १९९६ च्या डिपॉझिटरी कायद्यापासून करतंय, म्हणून भारतातल्या गुंतवणूकदाराला रोख्याच्या टोकनातून फारसं नवं काही मिळत नाही.

मिळकतीसाठी मात्र आपल्याकडे मधली जागा रिकामी आहे. गुजरातमधल्या गिफ्ट सिटी या वित्तकेंद्राच्या नियामकाने फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रत्यक्ष मालमत्तांच्या टोकनांवर चर्चापत्र काढलं, पण चर्चापत्र म्हणजे कायदा नव्हे. अनेकांनी मिळून व्यापारी जागा घ्यायची तर सेबीने मार्च २०२४ मध्ये लघु आणि मध्यम रीटची चौकट आणली. रीट म्हणजे अनेकांच्या पैशातून भाड्याच्या मिळकती घेणारा, सेबीकडे नोंदलेला ट्रस्ट. तिच्यात योजनेची मालमत्ता किमान ५० कोटींची हवी आणि गुंतवणूक किमान १० लाखांची. ६ कोटींचं दुकान तिथे बसतच नाही. मग लोकांचा पैसा एकत्र करायचा, कारभार तिसऱ्याने बघायचा आणि नफा वाटायचा, तर ती सामूहिक गुंतवणूक योजना ठरू शकते आणि तिला सेबीची नोंदणी लागते. तुमच्या करारात "टोकन ही प्रतिभूती नाही, म्हणून नोंदणी लागत नाही" असं एक वाक्य आहे. हे ठरवणं कंपनीच्या हातात नसतं. उद्या सेबीने वेगळं म्हटलं तर योजना मध्येच थांबेल आणि पैसे परत मिळवायला वर्षं जातील.

कराचंही बघा. अशी एकसारखी टोकनं आभासी डिजिटल मालमत्ता धरली गेली तर विक्रीच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर, तोटा झाला तर तो कशातूनही वजा होत नाही, आणि विकताना १ टक्का टीडीएस. ज्या टोकनाच्या हस्तांतराने खऱ्या वस्तूची मालकी कायद्याने हस्तांतरित होते, अशा एनएफटींना, म्हणजे एकमेकांशी अदलाबदल न होणाऱ्या वेगवेगळ्या टोकनांना, २०२२ च्या अधिसूचनेने यातून वगळलंय. पण तुमच्या करारानेच तो हक्क नाकारलाय, मग ती सवलत मागणार कशाच्या जोरावर? "हवं तेव्हा विकता येतात" याचा अर्थ करारात इतकाच आहे की ॲपवर विक्रीची जाहिरात लावता येते. घेणारा मिळेल याची जबाबदारी कुणाची नाही, आणि कंपनी "आवश्यक वाटल्यास" हस्तांतर थांबवू शकते.

आता १२ लाखांचं काय करायचं? आधी तुमच्या सीएला विचारून घ्या की विकलेली जमीन ग्रामीण शेतजमिनीच्या व्याख्येत बसते का, नाहीतर भांडवली नफ्याचा कर आधी बाजूला काढावा लागेल. मग फीचे ७ ते ८ लाख चार वर्षांच्या मुदतीला जुळणाऱ्या ठेवींमध्ये, दोन बँकांत विभागून. ठेव विमा एका बँकेत ५ लाखांपर्यंतच आहे. दुकानांच्या भाड्याचा वाटा हवाच असेल, तर शेअर बाजारात नोंदलेल्या रीटची युनिटं डीमॅट खात्यात एक-दोन लाखांची घ्या. एक युनिटसुद्धा मिळतं, वाटपयोग्य रकमेच्या ९० टक्के वाटणं त्यांना बंधनकारक आहे. त्यांचाही भाव खाली येतो, म्हणून फीचा पैसा त्यात घालायचा नाही.

पुतण्याला अजूनही हे दुकान आवडत असेल, तर त्याने कंपनीला लेखी विचारावं: मला टोकनाऐवजी एलएलपीत भागीदार करून घ्याल का, आणि गहाणाला भागीदारांची संमती लागेल असं करारात लिहाल का. दोन्हींना हो आलं तर मला परत लिहा, आपण आकडे पुन्हा मांडू.

तुम्ही भरलेले २०,००० मात्र आजच मागा. कराराच्या कलम ४ प्रमाणे नाव नोंदवल्यापासून १५ दिवसांत ते कपात न होता परत मिळतात, आणि तुमच्या पावतीवरच्या तारखेला आज अकरावा दिवस आहे. ॲपमधल्या चॅटवर नको, करारात दिलेल्या ई-मेलवर पावती क्रमांकासह लिहा आणि प्रत स्वतःला पाठवून ठेवा.