पिन, फिन आणि स्पिन

“आमच्या पोराले शिकवणीचे सर सांगतात का ‘पिन’ म्हणू नको, ‘फिन’ म्हण, इंग्रज तसंच बोलतात. मग ‘स्पिन’ले ‘स्फिन’ काऊन नाही म्हणत? आन् ‘टेन’, ‘कार’ याइचं काय?”

सरांचा कान बरोबर आहे, अक्षर मात्र चुकलं. इंग्रज माणूस ‘पिन’ म्हणतो तेव्हा ओठ उघडताना श्वासाचा एक झोत सुटतो, म्हणजे त्याचा प महाप्राण असतो. ‘स्पिन’ म्हणताना तो झोत सुटत नाही. तिथे त्याचा प थेट आपल्या ‘पाट’मधला, अल्पप्राण. त्याच्या भाषेत हे दोन्ही उच्चार आहेत, पण दोन्हींना अक्षर एकच आणि कुठे कोणता येणार हे जागेवरून ठरलेलं. त्यामुळे आपण दोन वेगळे ध्वनी काढतो हे त्याला स्वतःलाही सहसा कळत नाही. आपल्याकडे मात्र पाट आणि फाट, टोक आणि ठोक, कोट आणि खोट, तवा आणि थवा यांचे अर्थच वेगळे, म्हणून हा फरक लहानपणीच कानात बसतो. मराठी माणसाला इंग्रजीसाठी नवा ध्वनी शिकायचा नाही. हाती असलेल्या दोनांपैकी कुठे कोणता वापरायचा, तेवढंच शिकायचं आहे.

आपली साधी ‘पिन’ इंग्रजाला खटकते ती का, ते आधी पाहू. कारण खरी गंमत ब मध्ये आहे. आपण ‘बैल’ म्हणतो तेव्हा ओठ अजून मिटलेले असतानाच गळ्यात घुमायला सुरुवात होते. गळ्यावर बोट ठेवून सावकाश म्हणून पाहा, ओठ उघडण्याआधीच बोटाला कंप लागतो. प आणि ब आपण या घुमण्यावरून ओळखतो. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीचा ब पुष्कळदा आधी घुमतच नाही, आवाज ओठ उघडताना किंवा त्याच्या क्षणभर नंतर सुरू होतो. म्हणजे वेळेच्या हिशोबात त्यांचा ब आपल्या प च्या शेजारीच येऊन बसतो. मग त्यांनी प आणि ब वेगळे ओळखायचे कशावरून? त्या झोतावरून. झोत असला तर प, नसला तर ब. म्हणून आपली झोत नसलेली ‘पिन’ त्यांच्या कानाला ‘बिन’ वाटू शकते, ‘टाउन’ ‘डाउन’ वाटतं आणि ‘कोट’ चक्क ‘गोट’, म्हणजे बकरी.

हे मोजलेलंही आहे. लिस्कर आणि अब्रॅमसन या दोन अमेरिकी संशोधकांनी 1964 मध्ये 11 भाषांमधले असे ध्वनी मोजले, आणि त्या 11 मध्ये मराठीही होती. ओठ किंवा जीभ सुटल्यापासून गळ्यातला आवाज सुरू होईपर्यंत किती वेळ जातो, एवढंच त्यांनी मोजलं. अमेरिकी इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीच्या प साठी तो सरासरी 58 मिलिसेकंद निघाला, ट साठी 70 आणि क साठी 80. आपल्या अल्पप्राण प मध्ये हा वेळ शून्याच्या आसपास असतो. क मध्ये थोडा जास्त जातो, कारण जिभेचा मागचा भाग टाळूपासून सुटायलाच वेळ लावतो. जगभर हे असंच दिसतं.

आता फ कडे वळू, कारण पोरगं तिथेच फसणार आहे. जुन्या उच्चारात फ म्हणजे ओठ पूर्ण मिटून झोतासह उघडलेला प. आज कितीतरी मराठी लोक ‘फळ’, ‘फूल’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लावतात, किंवा ओठ मिटतच नाहीत, मधल्या फटीतून हवा सोडतात. हा झाला ‘फॅन’मधला फ. असा फ असलेल्या पोराला ‘पिन’ऐवजी ‘फिन’ म्हणायला सांगितलं, तर इंग्रजाला माशाचा पर ऐकू येईल. ‘पॅन’चा ‘फॅन’ होईल आणि ‘पास्ट’चं ‘फास्ट’ होऊन बसेल. त्यापेक्षा जुना अल्पप्राण प परवडला.

पोराचा फ कोणता आहे ते आरशात दिसतं. त्याला ‘फाट’ म्हणायला सांगा आणि आवाज सुटण्याच्या आधीच्या क्षणी ओठ पाहा. दोन्ही ओठ एकमेकांवर पूर्ण टेकले तर काम सोपं, सरांचं ‘फिन’ त्याच्यापुरतं चालेल. दात दिसले किंवा फट दिसली तर फ विसरायला लावा आणि दुसऱ्या वाटेने जा. ‘सापही’ हा शब्द घ्या. ‘साप’ आणि ‘ही’ यांच्यात न थांबता, एका दमात चार-पाच वेळा म्हणा. प साठी ओठ मिटलेलेच असतात आणि लगेच ह चा श्वास येतो, की आपोआप खरा महाप्राण प तयार होतो. मग ‘सा’ मनातल्या मनात म्हणून फक्त पुढचं ‘प्ही’ तोंडाने काढायचं, आणि त्याला न जोडला की ‘पिन’ आली. इ थोडी लांबेल, ती नंतर आखूड करता येते.

झोत सुटतो का हे बघायला आपल्याकडे कापसासारखं साधन नाही. पेळूतून बोटभर लांबीचा विरळ पुंजका ओढा, वरून चिमटीत धरा आणि ओठांपुढे चार बोटांवर लोंबता ठेवा. पंखा बंद हवा. ‘पाट’ म्हटलं तर पुंजका जवळजवळ स्थिर राहतो, महाप्राण ‘पिन’ म्हटली तर एकदम झटका खाऊन मागे उडतो. यात एक खोट आहे. दात लावून काढलेल्या फ नेही कापूस हलतो, पण तो एका लयीत मागे झुकून राहतो, झटका खात नाही. म्हणून आरसा आणि कापूस दोन्ही लागतात. क आणि ख साठी कापूस फारसा कामाचा नाही. तो झोत घशाजवळून निघतो आणि ओठांपर्यंत येता येता पसरतो. तिथे कानावरच भिस्त ठेवायची.

क चं काम मुळातच सोपं आहे. ‘कार’, ‘कॅट’, ‘कॉटन’ यांच्या सुरुवातीला आपला ख चालतो, फक्त घशात खरखर नको. उर्दू ‘ख़बर’मधला खरखरीत ख काढणाऱ्याने ‘खाट’मधला ख धरावा. ट च्या बाबतीत मात्र जागा बदलावी लागते. ‘टेन’साठी आपला ठ घेतला तर झोत मिळतो, पण ठ ला जीभ मागे वळते. इंग्रजी ट ला जिभेचं टोक वरच्या दातांमागच्या हिरडीच्या उंचवट्याला लागतं, म्हणजे आपल्या त आणि ठ यांच्या मधोमध. तेव्हा ठ च काढायचा, पण जीभ न वळवता हिरडीवर. फार पुढे जाऊन ती दाताला टेकली तर थ होतो. आणि थ आपण आधीच ‘थिंक’, ‘थिन’ यांना देऊन बसलो आहोत. तोच ‘टिन’लाही दिला तर टिनाचा डबा आणि बारीक माणूस एकच होतील.

आता ‘स्पिन’. इंग्रजीत एकाच अवयवात, म्हणजे शब्दाच्या एका झटक्यात म्हटल्या जाणाऱ्या तुकड्यात, स च्या पाठोपाठ प, ट, क आले की झोत गळून पडतो, म्हणून ‘स्पिन’, ‘स्टॉप’, ‘स्काय’ आपण अगदी जन्मजात सवयीने बरोबर म्हणतो. फार तर आधी ‘इ’ जोडून ‘इस्टॉप’ करू नये. याचा पडताळा मोबाइलवरही घेता येतो. इंग्रजी शब्दकोशातला एखाद्या इंग्रजाच्या आवाजातला ‘स्पिन’ रेकॉर्ड करा आणि आवाज कापणाऱ्या कुठल्याही ॲपमध्ये उघडून मोठा करून पाहा. आधी दाट गवतासारखा पट्टा दिसेल तो स. मग क्षणभर सपाट रेघ, ती मिटलेल्या ओठांची. मग एक टोकदार उसळी आणि त्यानंतर जाड लाटा. स चा पट्टा आणि सपाट रेघ, एवढं कापून टाका आणि उरलेलं ऐका. आपल्याला स्वच्छ ‘पिन’ ऐकू येते. तोच तुकडा इंग्रजी मातृभाषेच्या माणसाला ऐकवला की तो ‘बिन’ म्हणतो. आवाज एकच, कान दोन.

स तिथे असला तरी शब्द दोन तुकड्यांचा आहे असं बोलणाऱ्याला वाटत असेल, तर झोत टिकतो. ‘मिस्टेक’मध्ये ट ला झोत नाही, पण ‘मिसटाइम’मध्ये आहे, कारण तिथे ‘टाइम’ हा शब्द वेगळा जाणवतो.

सरांच्या नियमात आणखी एक भोक आहे. झोत शब्दातल्या प्रत्येक प, ट, क ला मिळत नाही, तो आघात असलेल्या, म्हणजे म्हणताना जोर पडतो त्या, अवयवाच्या सुरुवातीला जोरात येतो. मराठीत आघाताने अर्थ बदलत नाही, म्हणून आपलं तिकडे लक्षच नसतं. ‘पोटॅटो’ घ्या. आघात ‘टॅ’वर आहे, म्हणून तिथला ट सगळ्यात जोरकस. पहिला प शब्दाच्या तोंडाशी असल्यामुळे झोत घेतो, पण हलका. शेवटच्या ट ला जवळजवळ काहीच नाही, आणि अमेरिकन माणूस तर तो इतका झरकन म्हणतो की आपल्याला र किंवा ड चा भास होतो. तसंच ‘पेपर’चा पहिला प महाप्राण, दुसरा साधा. ‘रिपोर्ट’मध्ये मात्र आघात ‘पोर्ट’वर, म्हणून मधला प महाप्राण. शब्दाच्या शेवटी, ‘कप’, ‘बुक’ यांत, ओठ किंवा जीभ पुष्कळदा मिटल्यावर सुटतच नाही. इथेही आपल्याला बदलायचं काही नाही. हिंदीत ‘भूख’, ‘हाथ’ म्हणतात तिथे आपण ‘भूक’, ‘हात’ म्हणतो, तेव्हा शब्दाच्या शेवटी झोत न सोडायची सवय आपल्याला आहेच.

हे सगळं पोरावर केव्हा लादायचं? नागपूर, अमरावती, पुणे, चेन्नई, कुठेही भारतीय माणसाशी इंग्रजी बोलताना अल्पप्राण ‘पिन’च चालते. ऐकणारा आपल्यासारखाच ब च्या घुमण्यावरून फरक करतो, आणि तिथे ‘फिन’ म्हटलं तर उलट घोटाळा होईल. बाहेरच्या माणसाशी फोनवर बोलताना, विशेषतः अक्षरं सांगताना, झोत कामाला येतो, कारण ‘पी’चं ‘बी’ आणि ‘टी’चं ‘डी’ तिथेच होतं. काटोल आणि खामगाव ही नावं रोमन लिपीत वाचणारा इंग्रज दोन्हींच्या सुरुवातीला ख च म्हणतो, पुसदचं तो ‘फुसद’ करतो. त्याला आपला क किंवा प शिकवायचा असेल तर ‘प असा काढ’ म्हणून उपयोग नाही. त्याला ‘स्काय’ आणि ‘स्पिन’ म्हणायला सांगा, मग तोच शब्द स तोंडातल्या तोंडात ठेवून म्हणायला लावा, आणि त्याच जिभेने ‘काटोल’, त्याच ओठांनी ‘पाणी’.