झोपेतली नाडी आणि एचआरव्ही: अंगठी, घड्याळ की छातीचा पट्टा?

प्रश्न: रात्री नाडी आणि एचआरव्ही बघायला स्मार्ट रिंग घ्यावी, की हातातलं घड्याळ पुरेल? छातीचा पट्टाच सगळ्यात अचूक असतो का?

नुसती नाडी बघायची असेल तर तिन्ही चालतात. घड्याळ आधीच असेल तर तेवढ्यासाठी अंगठीवर पैसे घालू नका. खरी गोम एचआरव्हीत आहे.

एचआरव्ही निघते लागोपाठच्या ठोक्यांमधलं अंतर किती बदलतं यावरून, तेही मिलिसेकंदांत. समजा मिनिटाला ६० ठोके पडताहेत आणि तुमची खरी आरएमएसएसडी, म्हणजे लागोपाठच्या अंतरांमधल्या फरकांवरून काढलेलं एचआरव्हीचं माप, ३५ आहे. पाच मिनिटांच्या ३०० ठोक्यांत सेन्सरकडून एकच निसटला, की तिथलं एक सेकंदाचं अंतर दोन सेकंदांचं दिसतं. सरासरी नाडीत काहीच कळत नाही. पण या हिशेबात फरकांचा वर्ग करतात, त्यामुळे ३५ चे थेट ९० च्या आसपास होतात! ॲप असे ठोके गाळून टाकतं, पण सगळेच त्याला सापडतात असं नाही.

पट्टा हृदयाची विद्युत लहर पकडतो, म्हणून ठोक्याची वेळ त्यालाच नेमकी कळते. अंगठी आणि घड्याळ त्वचेवर प्रकाश टाकून रक्ताची लाट बघतात. बोटाच्या तळव्याकडच्या बाजूला रक्तवाहिन्या दाट असतात, त्यामुळे तिथे ती लाट मनगटापेक्षा ठळक मिळते. अंगठीचे सेन्सर त्याच बाजूला ठेवायचे. अंगठी सैल असली की झोपेत फिरते.

मी नाशिकला, गंगापूर रोडला राहतो. सायकलिंगसाठी एचआरव्ही बघतो, म्हणून गेल्या जानेवारीत तीन रात्री तिन्ही लावून झोपलो. पहिल्याच रात्री पट्ट्याने दगा दिला. पहाटे दोननंतर आलेखात सुळकेच सुळके! आपल्याकडच्या कोरड्या थंडीत इलेक्ट्रोड वाळले होते. दुसऱ्या रात्री ईसीजी जेल लावलं आणि आलेख स्वच्छ आला; अंगठीचा आकडाही त्याच्या अगदी जवळ होता. तिसऱ्या रात्री हात गोधडीबाहेर राहिला, बोटं गार पडली आणि अंगठीच्या आलेखात तासाभराची पोकळी दिसली. गारठ्यात बोटातल्या रक्तवाहिन्या आकसतात, त्याचा हा परिणाम. घड्याळाची नाडी तिन्ही रात्री बरोबर होती, एचआरव्ही मात्र वरखाली होत राहिली.

दोन उपकरणांचे आकडे शेजारी ठेवताना आधी मापक बघा. ॲपलचं घड्याळ एसडीएनएन, म्हणजे सगळ्या अंतरांचा एकूण चढउतार दाखवतं, बऱ्याच अंगठ्या आरएमएसएसडी. शिवाय काही घड्याळं रात्रीतून अधूनमधूनच मोजतात. म्हणून आजच्या आकड्याची तुलना त्याच उपकरणाच्या आठवड्याभराच्या सरासरीशी करा.

रोजच्यासाठी माझं मत अंगठीला, कारण पट्टा रोज बांधून झोपणं होत नाही, छातीवर वळ उठतात. तो शंका आली की एखाद्या रात्री पडताळ्याला वापरावा.

आणि एचआरव्ही एकदम दुप्पट झाली तर खूश होऊ नका. मधेच पडणाऱ्या जादा ठोक्यांनीही आकडा फुगतो, अगदी पट्ट्यावरसुद्धा. छातीत धडधड किंवा ठोका चुकल्यासारखं जाणवत असेल तर डॉक्टरांकडे जाऊन ईसीजी काढा.