बारावीशिवाय पदवी : ‘पूर्वतयारी’ची वाट कोणासाठी?

प्रश्न : मी सहावीत शाळा सोडली, आता वय 41 आहे. दहावी-बारावी न करता बी.ए.ला बसता येते, असे कंपनीतील सहकारी सांगतात. हे खरे आहे का? (वागळे इस्टेट, ठाणे)

उत्तर : खरे आहे. नाशिक येथे 1989 मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने अशा प्रौढांसाठी ‘पूर्वतयारी’ हा शिक्षणक्रम आखला. त्यासाठी वयाची 18 वर्षे पूर्ण असावी लागतात आणि मराठी लिहिता-वाचता यावे लागते. मागील शिक्षणाची अट नसते. तो उत्तीर्ण झाल्यावर याच विद्यापीठाच्या बी.ए. किंवा बी.कॉम.च्या प्रथम वर्षास प्रवेश मिळतो. अर्ज करण्यापूर्वी चालू वर्षाच्या माहितीपुस्तिकेतील पात्रतेची अट अवश्य वाचावी, कारण अभ्यासकेंद्रातील तोंडी माहिती कधी कधी मागील वर्षाची असते.

मात्र पूर्वतयारीचे प्रमाणपत्र बारावीशी समकक्ष नाही. ते दाखवून ठाण्यातील एखाद्या महाविद्यालयात किंवा मुंबई विद्यापीठात प्रवेश मागता येत नाही. आपल्या कंपनीत बढतीसाठी केवळ पदवी पुरेशी असेल, तर ही वाट आपल्याला सोयीची आहे. अशी पदवी पुरेशी आहे का, हे मनुष्यबळ विभागाकडून आधी लेखी घ्यावे.

प्रश्न : मी 29 वर्षांची आहे, आठवी पास. पूर्वतयारी, मग बी.ए. आणि मग तीन वर्षांचे एलएल.बी. असा बेत आहे. पूर्वतयारीचा अर्ज आताच भरू का? (ऐरोली, नवी मुंबई)

उत्तर : वकील व्हायचे असेल तर भरू नये. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या 2008 च्या विधी शिक्षण नियमांतील पाचव्या नियमाच्या स्पष्टीकरणात म्हटले आहे की, आवश्यक मूलभूत पात्रता नसताना मुक्त विद्यापीठातून थेट बारावी किंवा पदवी मिळवणारा उमेदवार विधी अभ्यासक्रमास पात्र नाही. दूरस्थ पद्धतीने शिकण्याला हा नियम आक्षेप घेत नाही; आधीची पायरी गाळण्याला घेतो. त्यामुळे दहावी-बारावी करून मुक्त विद्यापीठातून घेतलेली बी.ए. चालते, पूर्वतयारीवरून घेतलेली तीच बी.ए. अडते. दोन्ही पदवी प्रमाणपत्रे दिसायला सारखीच असल्याने हा घोटाळा बहुधा शेवटी, कागदपत्रांच्या पडताळणीत उघड होतो. सीईटीत चांगले गुण पडले म्हणून पात्रता सिद्ध होत नाही.

आपला क्रम असा लावावा. राज्य मंडळाचा 17 नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून फेब्रुवारी-मार्च 2027 मध्ये दहावी दिली, तर दहावी व बारावी यांत दोन वर्षांचे अंतर लागत असल्याने बारावी 2029 मध्ये होईल. त्यानंतर तीन वर्षांची बी.ए. 2032 मध्ये आणि एलएल.बी. 2035 मध्ये पूर्ण होईल. पूर्वतयारीच्या वाटेने पदवी लवकर हाती येईल हे खरे, पण पुढे विधी महाविद्यालयात ती उपयोगी पडणार नसेल, तर वाचलेल्या वर्षांचा हिशेबच चुकतो. आधी पदवी आणि मग बारावी असा उलटा क्रम लावून नंतर कागद पुरे करण्याचा सल्ला काही जण देतात. तो मला धोक्याचा वाटतो, कारण पदवीच्या प्रवेशावेळी पात्रता नव्हती, ही गोष्ट प्रमाणपत्रांवरील वर्षांतूनच दिसते.

प्रश्न : पूर्वतयारीवरून घेतलेली पदवी सरकारी नोकरीला चालते का? (कळवा)

उत्तर : जाहिरातीतील शब्दांवर अवलंबून आहे. जेथे बारावी उत्तीर्ण असणे स्वतंत्रपणे मागितले आहे किंवा 10+2+3 असा क्रम नमूद केला आहे, तेथे अडचण येते. मुक्त विद्यापीठांनाही विद्यापीठ अनुदान आयोगाचे पात्रता-नियम शिथिल करता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2009 च्या अन्नामलाई विद्यापीठ प्रकरणात म्हटले आहे. ते प्रकरण पदवी नसताना घेतलेल्या पदव्युत्तर पदवीचे होते. तरीही मधली पायरी गाळलेल्या पदव्यांवर आक्षेप घेताना त्याचा आधार घेतला जातो.

प्रश्न : 17 नंबरचा फॉर्म भरायचा आहे, पण शाळेचा दाखला हरवला आहे. शाळा गावी होती. (तुर्भे)

उत्तर : शाळा बंद पडली नसेल, तर मुख्याध्यापकांकडे अर्ज करून जनरल रजिस्टरवरून दाखल्याची द्वितीय प्रत मागावी. मूळ दाखला नसल्यास फॉर्मसोबत ही द्वितीय प्रत व प्रतिज्ञापत्र जोडावे लागते. प्रत हातात येताच नावाचे स्पेलिंग आणि जन्मतारीख आधार कार्डाशी ताडून पाहावी. तफावत असेल तर दहावीची परीक्षा देण्याआधीच दुरुस्ती करून घ्यावी, कारण गुणपत्रिका छापल्यानंतर तीच दुरुस्ती वाशीच्या विभागीय मंडळापर्यंत न्यावी लागते. जे कधी शाळेतच गेले नाहीत, त्यांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या म्हणजे एनआयओएसच्या दहावीला बसता येते; तेथे जन्मतारखेचा पुरावा आणि दहावीचा अभ्यासक्रम करता येईल इतका अभ्यास झाला आहे असे स्वयंघोषणापत्र द्यावे लागते.