हातावर उतरण्याआधी ही ओळ वाच

लातूर

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला टॅटूच्या डिझाइनचा फोटो रात्री मोठा करून पाहिला. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला 47वा श्लोक तू निवडलास, पण डिझाइनमध्ये तो मोडलाय. रविवारची वेळ आधी पुढे ढकल, मग पुढचं वाच.

तुझ्या डिझाइनमध्ये तीन ओळी आहेत: ‘कर्मण्ये’, ‘वाधकिारस्ते मा’, ‘फलेपु कदाचन’. मूळ शब्द ‘कर्मण्येवाधिकारस्ते’ असा सलग आहे. कर्मणि, एव, अधिकारः, ते हे चार शब्द संधीने जुळलेत. ‘कर्मण्ये’पाशी तोडलं की ‘एव’ म्हणजे ‘च’ मधोमध चिरला जातो आणि उरलेल्या ‘वाधिकारस्ते’ला काही अर्थच राहत नाही. नेटवर हाच तुटका पाठ जागोजागी दिसतो, म्हणून तिथून उचलू नकोस. छापील गीता उघड.

‘मा’ म्हणजे ‘नको’. तो फळांशी बांधलेला आहे: फळांवर कधीच हक्क सांगू नकोस. तो वरच्या ओळीत अडकला की खाली नुसतं ‘फळांवर कधीतरी’ असं काहीतरी उरतं. खरं तर या ओळीचे आठ-आठ अक्षरांचे दोन चरण आहेत, तेव्हा दोनच ओळी कर:

कर्मण्येवाधिकारस्ते
मा फलेषु कदाचन

आता ‘धकि’चं. लग्नपत्रिकांची अक्षरं जुळवण्यात माझी उमर गेली, ही चूक मी लांबूनही ओळखतो. आपण ‘धि’ टाइप करताना ध आधी आणि वेलांटी नंतर येते, पण दिसताना ती धच्या आधी दिसायला हवी. काही सॉफ्टवेअरला ही अदलाबदल येत नाही. वेलांटी धच्या मागे राहते आणि पुढच्या कवर जाऊन बसते. डिझाइन करणाऱ्याला मराठी वाचता येत नसेल तर त्याला ते कळणारही नाही. त्याला टाइप करायला लावूच नकोस. तू फोनवर टाइप कर, छापील गीतेशी ताडून बघ आणि त्याचं चित्र दे. त्याने ते जसंच्या तसं गिरवावं.

तपासताना नुसतं वाचू नकोस, कारण डोळा पाठ असलेलंच वाचतो. पहिल्या ओळीत शिरोरेषेच्या वरच्या खुणा मोज. चारच हव्यात: मवर रफार, ण्यवर मात्रा, धची वेलांटी, स्तवर मात्रा. दुसऱ्या ओळीत वर एकच, लेची मात्रा. आणि षच्या पोटातली तिरकी रेघ शाई पसरली तरी दिसेल एवढी मोकळी ठेवायला सांग. ती गेली की ‘षु’चा ‘पु’ होतो.

शेवटची तपासणी स्टेन्सिल हातावर उमटल्यावर. तोवर ते पुसून पुन्हा लावता येतं. त्याचा फोटो मागच्या कॅमेऱ्याने काढ, पुढच्या कॅमेऱ्यात अक्षरं उलटी दिसू शकतात. मला पाठव. मी दुकानातच असतो, लगेच बघून फोन करतो. तोवर सुई लावू देऊ नकोस.

तुझा,
काका