स्वस्त पोलाद, महाग साबण

प्रश्न : मंदी येणार असे सगळे म्हणत आहेत. मेटल आणि ऑटोमधून पैसे काढून एफएमसीजीत, म्हणजे साबणासारख्या रोजच्या वापराच्या वस्तूंच्या कंपन्यांत, टाकावेत का? मंदीत हे शेअर्स कमी का पडतात?

जानेवारी 2008 मध्ये माझ्या थोरल्या मेहुण्यांनी मला पटवून दिले होते की, पोलाद कंपनीचा शेअर नऊच्या पी/ईला, म्हणजे वर्षाच्या नफ्याच्या नऊपट भावाला, मिळत असताना साबणाच्या कंपनीला पंचवीसचा भाव देणे हा अडाणीपणा आहे. मी साबण विकून पोलाद घेतले. त्या वर्षात सेन्सेक्स सुमारे 52 टक्के पडला. बीएसईचा मेटल निर्देशांक जवळजवळ तीन-चतुर्थांश गेला, तर एफएमसीजी निर्देशांक 14 टक्क्यांच्या आसपासच उतरला.

लोक आंघोळ थांबवत नाहीत, हे यामागचे अर्धेच कारण आहे. उरलेले अर्धे खर्चाच्या रचनेत असते. समजा, दोन्ही कंपन्यांची विक्री 100 रुपये आणि नफा 20 रुपये आहे. पोलादवाल्याचे 40 रुपये कच्च्या मालावर जातात आणि 40 रुपये भट्टी, पगार, व्याज अशा न टळणाऱ्या खर्चावर. मागणी घटून विक्री 80 वर आली की कच्चा माल 32 वर येतो, पण ते 40 तसेच राहतात; नफा उरतो 8 रुपये, म्हणजे 60 टक्के घट. त्यात पोलादाचा भावही कोसळला, तर हे 8 रुपयेही राहत नाहीत. साबणवाल्याचा कच्चा माल 60 रुपयांचा आणि स्थिर खर्च 20 रुपयांचा असतो, आणि त्याची विक्री फार तर 3 टक्के घटते. तेव्हा नफा 18.80 रुपये राहतो. शिवाय मंदीत पामतेल स्वस्त झाले, तर तेवढा दिलासा वेगळा.

म्हणूनच मेहुण्यांचा नऊचा पी/ई फसवा होता. त्यातला नफा तेजीच्या शिखरावरचा होता, आणि तो टिकणार नाही हे बाजाराने आधीच भावात धरले होते. पोलादासारखी, तेजी-मंदीबरोबर नफा वरखाली होणारी चक्रीय कंपनी पी/ईवर सर्वांत स्वस्त दिसते ती बहुधा शिखराजवळ, आणि नफा आटल्यावर, खरेदीची वेळ जवळ येते तेव्हा, तीच महाग भासते.

आता तुमच्याविषयी. सगळेच मंदीबद्दल बोलू लागल्यावर क्षेत्र बदलणे बहुतेक वेळा उशिराचे ठरते, कारण 2008 मध्ये बाजार जानेवारीतच वळला होता आणि अमेरिकेतली लेहमन बँक बुडाली ती सप्टेंबरात. मेटलमध्ये परतण्याची वेळ साधणे तर त्याहून अवघड असते. 2009 मध्ये मेटल निर्देशांक तिपटीहून वर गेला आणि एफएमसीजी 40 टक्क्यांच्या आसपासच वाढला. 18 मे 2009 या एका दिवशी सेन्सेक्सने सुमारे 17 टक्के उसळी घेतली. त्या दिवशी साबणात बसलेल्याला त्या उसळीतले फारसे मिळाले नाही. साबणासारखे बचावात्मक शेअर्सही पडतात, फक्त कमी पडतात, आणि आधीच पन्नास-साठच्या पी/ईला घेतले असतील तर तोही आधार पातळ होतो.

मेहुणे आजही म्हणतात की 2009 ने त्यांना खरे ठरवले. चारला एक उरलेले पैसे तिप्पट झाले, तरी मूळचे चार होत नाहीत.