जीपीएस बंद असताना टॉवरवरून लोकेशन किती अचूक कळतं?

“जीपीएस बंद ठेवलं तर सिमवाल्या कंपनीला माझा ठावठिकाणा कळतो का? टॉवरवरून किती अचूक सांगता येतं?”

कळतो, पण लोक समजतात तितका नाही. आमच्या घरात यावरून बोलणं तुटलंय, म्हणून लिहितोय.

वाटणीच्या भांडणात माझ्या मेहुण्यावर आरोप आला की मारामारीच्या वेळी तो जोतिबावर होता. पुरावा काय, तर त्याच्या सीडीआरमध्ये, म्हणजे कंपनीकडच्या कॉलच्या नोंदीत, त्या वेळच्या कॉलपुढे जोतिबाच्या टॉवरचा पत्ता. माणूस प्रत्यक्षात खाली केर्लीच्या शिवारात उसाला पाणी पाजत होता. चुलते म्हणाले, “मशीन खोटं बोलतंय व्हय?”

मशीन खरंच बोलत होतं. सीडीआरमध्ये सेल आयडी असतो, म्हणजे टॉवरच्या एका बाजूचा अँटेना. टॉवरला बहुधा असे तीन, प्रत्येकाच्या वाट्याला साधारण १२० अंश. शेजारी छापलेला पत्ता टॉवरचा, माणसाचा नव्हे. फोनला जवळचा टॉवर नको असतो, चांगला सिग्नल हवा असतो. डोंगरावरचा अँटेना खालच्या शिवारावर थेट पडतो. गावातल्या टॉवरची लाईट गेली, बॅटरी उतरली, की फोन सरळ डोंगर धरतो. ड्राइव्ह टेस्टला, म्हणजे गाडीतून नेटवर्क तपासत फिरताना, मी हे रोज बघायचो.

वकिलाला म्हटलं, एकच ओळ बघू नका, मागचा-पुढचा कॉल बघा. चार मिनिटं आधीचा कॉल केर्लीच्या सेलवर, नंतरचा पुन्हा केर्लीच्याच. एवढ्या वेळात डोंगर चढून, मारामारी करून कोण खाली येतं? शिवाय जोतिबाच्या त्या सेलची दिशाही केर्लीकडेच होती.

नेटवर्कला अंतरही कळतं. फोरजीत फोनने सिग्नल किती लवकर पाठवायचा ते टॉवर ठरवतो, त्याला टायमिंग अ‍ॅडव्हान्स म्हणतात. त्याची एक पायरी साधारण ७८ मीटरची. समजा ६० पायऱ्या आल्या, म्हणजे फोन टॉवरपासून पावणेपाच किलोमीटरच्या आसपास. पण १२० अंशांत त्या अंतराची कमान जवळपास १० किलोमीटर लांब होते आणि त्यावर तुम्ही कुठंही असू शकता. हा आकडा साध्या सीडीआरमध्ये सहसा येतही नाही.

फोन नुसता खिशात पडून असेल, तर कंपनीला फक्त ट्रॅकिंग एरिया माहीत असतो, म्हणजे बऱ्याच टॉवरांचा पट्टा. कॉल आला की त्या पट्ट्यात हाक मारून फोन शोधतात. डेटा चालू असेल तर मात्र फोन फारसा गप्प बसत नाही आणि सेल कळत राहतो. जीपीएस चालू-बंद करून यात काही बदलत नाही. लपायचंच असेल तर फ्लाइट मोड.

कोल्हापुरात राजारामपुरी, शाहूपुरीसारख्या दाट वस्तीत सेल लहान असतात, तिथं काहीशे मीटरपर्यंत अंदाज येतो. आणि नेटवर्क फोनकडून शेजारच्या टॉवरांची मोजमापं मागवून आणखी जवळ जाऊ शकतं, पण ते त्या वेळी मागवलं तरच. जुन्या सीडीआरमधून ते मागाहून काढता येत नाही. हे चुलत्यांना अजून पटलेलं नाही.